दोन मसुदे, एक खेळ: प्रकाशकाला पहिला मेल कोणता पाठवायचा?

मी दोन वर्षं एका छोट्या बोर्डगेम प्रकाशकाकडे काम करत होते. दर शुक्रवारी जेवण झालं की नव्या डिझायनरांचे आलेले मेल वाचायचे आणि त्यांचे तीन ढीग करायचे, हे त्यातलं एक काम: नको, विचारू, खेळून बघू. एका मेलला माझ्याकडून दीड-दोन मिनिटं मिळायची. यात उर्मटपणा नव्हता. त्याच दुपारी छपाईवाल्याचा फोन यायचा, कुरिअरवाला दारात असायचा आणि डब्याच्या झाकणावरची अक्षरं दोन मिलिमीटर सरकलेली असायची.

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या सहकाऱ्याचा धाकटा भाऊ दादरला भेटला. राहायला नालासोपाऱ्याला, नोकरी अंधेरीत अकाउंट्समध्ये. त्याने पत्त्यांचा एक खेळ बनवला होता आणि प्रकाशकाला पाठवायचा मेलही लिहून ठेवला होता. "ताई, एकदा नजर टाकाल का? उद्या पाठवतोय." मी वाचला आणि म्हटलं, उद्या नको पाठवूस. मग चहाच्या दोन फेऱ्यांत आम्ही दुसरा मसुदा केला. ते दोन्ही मसुदे इथे शेजारी शेजारी ठेवते आहे. तुमचाही पहिला प्रोटोटाइप तयार असेल आणि मेल कसा लिहावा यावर अडला असाल, तर तुमची निवड साधारण याच दोघांमधली असते. (मेल शेवटी इंग्रजीत गेला. पण विचार मराठीत झाला होता, आणि त्याचा फायदा झाला. ते पुढे येईलच.)

आधी खेळ कळायला हवा, नाहीतर मसुद्यांची तुलना हवेत राहील.

टेबलावर लोकलचा एक कप्पा. सहा पक्क्या सीटा, त्यातल्या दोन खिडकीच्या. शिवाय तिघांच्या दोन बाकांच्या कडेला, चौथ्याने कसंबसं टेकायच्या, दोन चौथ्या सीटा. पक्क्या सीटांवर प्रवाशांचे पत्ते पालथे ठेवलेले, आणि प्रत्येकाच्या पोटात तो कुठे उतरणार ते स्टेशन. गाडी चर्चगेटहून निघते आणि मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, वसई रोड करत विरारला पोचते. खेळाडू सगळे उभे. आपल्या पाळीला तीनपैकी एक गोष्ट करायची. एखाद्या प्रवाशाला "कुठे?" विचारायचं, म्हणजे पत्ता गुपचूप बघायचा आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं एक स्टेशन सांगायचं, खरं किंवा खोटं. नाहीतर एखाद्या सीटवर आपली चकती ठेवून नंबर लावायचा. नाहीतर सरळ चौथ्या सीटवर बसायचं, पण मग लावलेले सगळे नंबर सोडायचे. दोन स्टेशनांमधल्या प्रत्येक टप्प्याला उभ्याला शून्य, चौथ्या सीटला एक, साध्या सीटला दोन, खिडकीला तीन गुण. त्याच्या प्रोटोटाइपमध्ये गुण म्हणजे चिंचोके होते.

आता गंमत बघा. चर्चगेट ते विरार सात टप्पे आहेत. पहिल्याच पाळीत चौथी सीट धरली, तर सात गुण नक्की. साधी सीट वांद्र्याला रिकामी होऊन मिळाली तर चार टप्प्यांचे आठ. तीच अंधेरीला मिळाली तर सहा, म्हणजे इतका वेळ उभं राहणं फुकट गेलं. खिडकी मात्र अंधेरीला मिळाली तरी नऊ होतात. बोरिवलीला मिळाली तर परत सहा. थोडक्यात, सगळा खेळ वांद्रे-अंधेरीच्या आसपास फिरतो, आणि तिथे कोण उतरणार हे तुम्हाला दुसऱ्याच्या शब्दावर ठरवायचं असतं. चांगला खेळ आहे. प्रश्न इतकाच होता की त्याच्या मेलमधून हे कोणालाही कळलं नसतं.

मसुदा पहिला: त्याने लिहिलेला

> विषय: एक आगळावेगळा भारतीय बोर्डगेम!! कृपया जरूर वाचा
>
> आदरणीय महोदय/महोदया,
> मी लहानपणापासून खेळांचा वेडा आहे. लोकल ही मुंबईची जीवनवाहिनी. रोज लाखो लोक तिच्यातून धक्के खात प्रवास करतात. या प्रवासातला संघर्ष, माणुसकी आणि जिद्द आजवर कोणत्याही खेळात आलेली नाही. 'चौथी सीट' हा खेळ तुम्हाला तो थरारक अनुभव घरबसल्या देईल. यात ब्लफिंग आहे, स्मरणशक्ती आहे, जागा अडवणं आहे आणि भरपूर धमाल आहे. २ ते ८ खेळाडू, वय ६ ते ९९. आमच्या घरी आणि ऑफिसात सगळ्यांना प्रचंड आवडला. गोपनीयता करारावर सही करून पाठवल्यास सविस्तर नियम देईन…

पुढे आणखी दोन परिच्छेद होते. चौथी सीट म्हणजे काय हे समजावणारा एक, आणि खेळाची चित्रं कशी असावीत हे सांगणारा दुसरा.

मसुदा दुसरा: दोघांनी मिळून केलेला

> विषय: चौथी सीट – पत्त्यांचा खेळ, प्रोटोटाइप, ३–५ जण, २५ मिनिटं
>
> नमस्कार,
> चौथी सीट आत्ता मिळते आहे. खिडकी मिळालीच तर अंधेरीला, आणि तीही शेजारचा खरं बोलला असेल तर. बसून घ्यायचं की उभं राहायचं?
>
> 'चौथी सीट' हा लोकलच्या एका कप्प्यात घडणारा, थापा मारण्याचा आणि थापा ओळखण्याचा खेळ आहे. पाळीला तुम्ही एकतर एका प्रवाशाचा पत्ता गुपचूप बघून त्याचं स्टेशन जाहीर करता (खोटंही चालतं), किंवा एका सीटवर नंबर लावता, किंवा सगळे नंबर सोडून चौथ्या सीटवर बसता. सगळ्यांची पाळी झाली की गाडी एक स्टेशन पुढे जाते, त्या स्टेशनचे प्रवासी उतरतात आणि पहिला नंबर असलेला बसतो. जितके टप्पे बसून काढाल आणि जितकी सीट चांगली, तितके गुण. विरारला खेळ संपतो.
>
> ३–५ खेळाडू (चौघांत सगळ्यात रंगतो), २५ मिनिटं, वय ८ पासून. सामान: ५५ पत्ते, १५ चकत्या, १ गाडी, गुणांचे ठोकळे.
> आजवर ३१ डाव झाले. त्यातले ६ मी शेजारी नसताना, फक्त नियम वाचून. पाच जण असले तर वेळ ३५ मिनिटांवर जातो, त्यावर काम चालू आहे.
>
> एका पानाची माहिती, तीन मिनिटांचा व्हिडिओ आणि नियम या एकाच लिंकवर आहेत. आवडल्यास प्रोटोटाइप घेऊन भेटायला येईन किंवा कुरिअर करेन. हाच खेळ सध्या आणखी एका प्रकाशकाकडे पाठवला आहे.

खाली नाव, फोन, आणि "नालासोपाऱ्यात राहतो, रोज ही गाडी पकडतो" एवढी एक ओळ.

हुक: गोष्ट की पेच?

दोन्ही मसुद्यांतला खरा फरक लांबीचा नाही, हुकचा आहे, म्हणजे वाचणाऱ्याला गळाला लावणाऱ्या पहिल्या वाक्याचा. पहिल्यात हुक म्हणून विषय दिलाय: लोकल, संघर्ष, जीवनवाहिनी. दुसऱ्यात खेळाडूसमोर येणारा पेच. विषय ऐकून प्रकाशकाला डब्यावरचं चित्र दिसतं. पेच ऐकून तो मनात एक चाल खेळतो. खेळ विकत घेणाऱ्याला दोन्ही लागतं, हे मान्य. पण प्रकाशकाला चित्र स्वतः करून घेता येतं. पेच मात्र डिझायनरनेच आणावा लागतो.

वोल्फगांग वार्श या डिझायनरचा २०१८ मधला 'द माइंड' घ्या. एक ते शंभर आकड्यांचे पत्ते सगळ्यांनी मिळून चढत्या क्रमाने टाकायचे, आणि एकमेकांशी काहीही बोलायचं नाही. बस. कथा नाही, राक्षस नाहीत, राजे नाहीत, आणि तरी ऐकणारा लगेच विचारतो, "अरे, मग कळणार कसं?" हुक लागलं की नाही याची खूण हीच: ऐकणाऱ्याच्या तोंडून खेळाबद्दलचा प्रश्न निघतो.

घरच्या घरी करता येईल अशी एक चाचणी सांगते. खेळ न पाहिलेल्या माणसाला हुकचं वाक्य ऐकवा आणि विचारा, "तुझी पाळी आली तर तू काय करशील?" तो "बसून घेईन" किंवा "थाप मारेन" म्हणाला, म्हणजे क्रियापद आलं, तर हुक चालतंय. तो "मस्त, लोकलवर आहे वाटतं" एवढंच म्हणाला तर तुम्ही त्याला पोस्टर दाखवलंत, खेळ नाही. आम्ही ही चाचणी चहावाल्यावर केली. पहिल्या मसुद्यावर तो "बरोबर आहे, गर्दी फार असते" म्हणाला. दुसऱ्यावर म्हणाला, "अंधेरीपर्यंत? मी तर बसून घेणार." तिथे आमचं नक्की झालं.

मराठीत विचार केल्याचा फायदा इथे झाला. इंग्रजीत लिहायला बसल्यावर या मुलाच्या पेनातून आपोआप जाहिरातीची भाषा उतरत होती. आगळावेगळा, थरारक, वगैरे. मी त्याला म्हटलं, हा खेळ शेजारच्या काकूंना कसा सांगशील ते बोलून दाखव. त्याने एका दमात सांगितलं: "काकू, चौथी सीट आत्ता मिळतेय, पण उभं राहिलं तर कदाचित खिडकी." झालं हुक. त्याचं इंग्रजी करायला पाच मिनिटं लागली.

पण पहिल्या पद्धतीला मोडीत काढू नका. तुमचा खेळ एखाद्या किल्ल्याच्या वेढ्यावर आहे, त्यातले निर्णय त्या इतिहासाशिवाय समजतच नाहीत, आणि प्रकाशकाच्या कपाटात आधीच असे खेळ आहेत, तर पहिली ओळ विषयाचीच असू दे. लहान मुलांचे किंवा भेट द्यायचे खेळ काढणारे प्रकाशकही आधी विषय बघतात, कारण त्यांचं गिऱ्हाईक दुकानात डबा उलटा करून मागचं वाचत नाही. मात्र तिथेही दुसऱ्या ओळीत पेच यायला हवा. सबंध परिच्छेद विषयावर खर्च करणं कुठल्याच प्रकाशकाकडे खपत नाही.

आणखी एक गोष्ट परदेशी पाठवणाऱ्यांसाठी. चौथी सीट म्हणजे काय हे मुंबईतल्या प्रकाशकाला सांगावं लागत नाही. बाहेर ते कोणालाच माहीत नाही. मग समजावणारा परिच्छेद परत घालायचा का? नाही. हुकचं एक वाक्य बदला: "अर्धी जागा आत्ता नक्की, की पूर्ण जागा पुढे कदाचित?" पेच तसाच राहतो, भाषांतर फक्त सीटचं होतं. तेवढ्यावर हुक उभं राहत नसेल, तर त्याचा भार खेळावर नव्हता, आपल्या ओळखीच्या आठवणींवर होता. हे आपल्या शहरावर खेळ करणाऱ्या सगळ्यांनीच तपासावं. आणि प्रकाशक खेळ घेऊन त्याला भलताच साज चढवू शकतो, लोकलऐवजी अवकाशयान, हेही मनात धरून ठेवा. तो मुलगा हे ऐकून दोन मिनिटं गप्प बसला होता.

सारांश: कुठून सुरू करायचा

पहिल्या मसुद्यात सारांश नव्हताच, यादी होती: ब्लफिंग, स्मरणशक्ती, जागा अडवणं. अशा याद्या मी शेकड्यांनी वाचल्यात. तिखट, मीठ, मोहरी, हिंग वाचून भाजी कोणती ते कळत नाही, तसंच हे.

उलट टोकाची चूकही तितकीच आढळते. सारांश म्हणून नियमपुस्तिकेचं पहिलं पान येतं: "आधी पत्ते पिसा, प्रत्येकाला तीन चकत्या द्या, सर्वांत लहान खेळाडूने सुरुवात करावी." मांडणी वाचेपर्यंत वाचणारा दमतो, पाळीपर्यंत पोचतच नाही.

दुसऱ्या मसुद्यातला सारांश तीन गोष्टींवर उभा आहे, आणि त्याच क्रमाने: पाळीला मी काय करतो, त्याने टेबलावर काय बदलतं, आणि शेवटी जिंकतो कोण. सत्तर-ऐंशी शब्दांत हे बसतं. बसत नसेल तर बहुतेक वेळा खेळातच एखादी गोष्ट जास्तीची असते. त्याच्या खेळात एक 'टीसी'चा पत्ता होता, आणि तो सारांशात काही केल्या मावेना. जिथे घालावा तिथे अर्धं वाक्य वाढायचं. शेवटी त्याने टीसी काढून खेळून पाहिलं तर काहीच बिघडलं नाही. मेल लिहिताना खेळ सुधारणं हे काही दर वेळी होत नाही, पण होतं.

आकड्यांचा खरेपणा

"२ ते ८ खेळाडू, वय ६ ते ९९." नव्या डिझायनरला वाटतं, जितकं रुंद तितकं बरं. वाचणाऱ्याला यातून एवढंच कळतं की हा दोघांत आणि आठ जणांत खेळून पाहिलेला नाही. मी विचारल्यावर कळलं, दोघांत त्यांनी एकदाच खेळला होता आणि तो पडला, कारण दोघांत थाप मारायला तिसरा कान लागतो. मग २ का लिहिलं? "दुकानात दोघांचे खेळ जास्त खपतात असं ऐकलं." खपत असतील. पण प्रकाशक पहिला डाव नेमका दोघांत खेळला तर?

दुसऱ्या मसुद्यात ३–५ आहे, पुढे चौघांत रंगतो हे आहे, आणि पाच जणांत वेळ लांबतो हा दोषही आहे. दोष पहिल्याच मेलात सांगावा का, यावर आमचा थोडा वाद झाला. माझं मत असं: जो दोष प्रकाशकाला पहिल्या डावात दिसणारच आहे, तो आधी सांगा. त्याने बाकीच्या आकड्यांना वजन येतं. जो दोष फक्त तुम्हाला डाचतो, एखाद्या पत्त्याचा रंग वगैरे, तो सांगून मेल लांबवू नका.

"सगळ्यांना आवडला" आणि "३१ डाव, त्यातले ६ मी नसताना" यांतला फरक वेगळा समजवायला नको. त्या सहा डावांचं मोल सगळ्यांत जास्त. डिझायनर शेजारी बसला की नियमातली भोकं तो तोंडाने बुजवतो, आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही. तो गप्प राहिला किंवा घरीच राहिला तरच कळतं की "नंबर लावणं" वाचून लोक चकती सीटवर ठेवतात की पत्त्यावर.

कराराची अट

पहिल्या मसुद्यातली ही ओळ मी सगळ्यांत आधी खोडली. आपली कल्पना चोरीला जाईल ही भीती खरी असते, मी तिला हसत नाही. पण कायदा काय म्हणतो ते बघा. भारताच्या पेटंट कायद्याच्या, म्हणजे १९७० च्या कायद्याच्या, कलम ३(एम) नुसार खेळ खेळण्याची पद्धत पेटंटयोग्य शोधांत मोडत नाही. कॉपीराइट तुम्ही लिहिलेल्या नियमांच्या मजकुराला आणि चित्रांना मिळतो, त्यामागच्या कल्पनेला नाही. म्हणजे एक कायदेशीर कुंपण मुळातच ठेंगणं, आणि ते वाढवायला तुम्ही प्रकाशकाकडे त्याने अजून न वाचलेल्या खेळासाठी सही मागताय. महिन्याला तीस-चाळीस मेल बघणारा प्रकाशक अशी सही सहसा करत नाही, कारण त्याच्याकडे आधीच लोकलवरचा दुसरा एखादा खेळ पडलेला असू शकतो आणि उद्या त्याच्यावरच बालंट यायचं. राखण करायचीच असेल तर तारखेसकट पाठवलेला मेल आणि प्रोटोटाइपच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवा. पुढे बोलणी होऊन करार होईल तेव्हा वकील बघा; तिथे खरोखर बघण्यासारखं असतं.

विषयाची ओळ, लिंक आणि इतर किरकोळ

विषयाच्या ओळीबद्दल थोडक्यात. "आगळावेगळा" असं लिहिलेला मेल दीड महिन्यानंतर शोधायचा कसा? मी खेळाच्या नावाने शोधायचे. नाव विषयात असलं की मेल सापडायचा; नसलं की तो पन्नास आगळ्यावेगळ्यांत हरवायचा. फोनवर विषय अर्ध्यात कापला जातो, म्हणून नाव आधी, प्रकार नंतर, आकडे शेवटी.

नियम, व्हिडिओ, छापून कापायची फाइल हे सगळं जोडायचं की लिंक द्यायची? जीमेलची जोडण्याची मर्यादा २५ एमबी आहे, व्हिडिओ एकटाच ती ओलांडतो, म्हणून लिंक बरी. पण लिंकची परवानगी उघडी आहे का ते बघा. हे मी शहाणपणाने सांगत नाही, ठेच लागली म्हणून सांगते. माझ्या स्वतःच्या पहिल्या खेळाचा मेल मी बंद लिंकसकट पाठवला होता. समोरच्याने परवानगी मागितली, ती विनंती माझ्या भलत्याच टॅबमध्ये पडून राहिली आणि मी तीन आठवडे त्यांना मनातल्या मनात शिव्या देत बसले. आता पाठवण्याआधी लिंक नेहमी दुसऱ्याच्या फोनवर, लॉगिन नसताना उघडून बघते.

व्हिडिओत तुमचा चेहरा नको, टेबल हवं. वरून धरलेला फोन, दोन हात, एक पूर्ण फेरी. या मुलाचा व्हिडिओ आईच्या ओट्यावर झाला, मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. काही बिघडत नाही. बिघडतं ते तेव्हा, जेव्हा पहिली चाळीस सेकंदं सरकतं नाव आणि संगीत असतं. चित्रांवर पैसे घालवू नका. त्याने जुन्या पत्त्यांवर छापील चिठ्ठ्या ठेवून त्या प्लास्टिकच्या पाकिटांत सरकवल्या होत्या. प्रोटोटाइपला एवढं पुरतं. चिंचोक्यांचा फोटो तर मी मुद्दाम ठेवायला लावला.

प्रकाशकाने स्वतःचा फॉर्म ठेवला असेल तर दोन्ही मसुदे बाजूला ठेवून फॉर्मच भरा. हुक आणि सारांश त्यातही मागतात, फक्त चौकटी वेगळ्या. आणि एकच मेल दहा प्रकाशकांना एकदम, सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवून पाठवू नका. तसा मेल मी वाचायचेही नाही. दोघा-तिघांना वेगवेगळा पाठवून ते मोकळेपणी सांगण्यात काही चूक नाही. युरोपातल्या प्रकाशकाकडे पाठवायचा तर ऑक्टोबर टाळा. जर्मनीतल्या एसेनचा बोर्डगेमचा मोठा मेळा तेव्हा असतो आणि कोणाला डोकं वर काढायला फुरसत नसते.

मग कोणता?

पत्ते, पटकन संपणारे खेळ, थापा, अंदाज, ज्यात एक पेच सगळा खेळ उचलतो: दुसरा मसुदा, डोळे झाकून. तास-दोन तासांचा, इतिहासात रुतलेला खेळ: पहिली ओळ विषयाची, बाकी सगळं दुसऱ्यासारखं. पहिला मसुदा जसाच्या तसा पाठवावा असा प्रसंग मला दोन वर्षांत दिसला नाही. पण वर न दिलेल्या त्याच्या परिच्छेदांतलं एक वाक्य वाचवण्यासारखं होतं, "मी रोज ही गाडी पकडतो", आणि ते दुसऱ्याच्या शेवटी आम्ही ठेवलंच. हा माणूस या खेळावर का बसला, हे त्या एका ओळीत येतं.

मेल एका मंगळवारी गेला. चार आठवडे काही नाही. पाचव्या आठवड्यात त्याने एका ओळीची आठवण पाठवली, त्याच मेलच्या खाली, म्हणजे शोधायला नको. दोन दिवसांनी उत्तर आलं. होकार नव्हता, नकारही नव्हता. प्रकाशक मुंबईचाच, त्यामुळे प्रश्नही मुंबईचा: "प्रत्यक्षात तिसरा उठला की चौथ्या सीटवरचा आत सरकतो. तुमच्या खेळात तो का सरकत नाही?"

त्याने मला रात्री साडेदहाला फोन केला. "ताई, हे सगळ्याच टेस्टिंगला लोक म्हणाले होते. मी त्यांना सांगायचो, हा खेळ आहे." मी विचारलं, सरकू दिलं तर काय होतं? त्याला माहीत नव्हतं. चौथी सीट जास्तच फायद्याची होईल, मग उभं कोण राहील, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, मग सरकायची काहीतरी किंमत लाव आणि त्यांना तसं कळव, की दोन्ही प्रकारे खेळून आठवड्यात सांगतो. आता त्याच्या घरी सरकणाऱ्या चौथ्या सीटचे सात डाव झालेत; सरकायला दोन चिंचोके पडतात. चार डावांत उभा राहिलेलाच जिंकला.